पाठवलं २४० जणांना, पोचलं किती जणांना?

चारकोपातलं इस्टेट एजंटचं दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा, काचेच्या दाराला आतून चिकटवलेले 'भाड्याने देणे'चे कागद आणि टेबलावर दोन मोबाइल. पूर्वी ते कागद वाचायला माणसं थांबायची. ज्याला जागा हवी असेल तो आत यायचा, नको असेल तो पुढे चालू लागायचा. व्हॉट्सॲप आल्यावर तोच कागद आम्ही काचेवरून काढला आणि लोकांच्या खिशात नेऊन कोंबला. खिशातल्या कागदासमोरून पुढे चालू लागता येत नाही, म्हणून माणूस ब्लॉक करतो.

हे मला फार उशिरा समजलं. धंदा नवा होता तेव्हा मी ब्रॉडकास्टची एक यादी केली. जुने क्लायंट, दुकानात पडलेली व्हिजिटिंग कार्डं, आणि ओळखीच्या एका कमिटी मेंबरने दिलेली सोसायटीची सभासद यादी, असे सगळे मिळून २४० नंबर झाले. रात्री सव्वादहाला हातात नवी वन बीएचके आली. दुसरा एजंट पुढे जाईल या घाईने तशीच पाठवली. सकाळी एका बाईंचं उत्तर आलं होतं: "हा नंबर माझ्या मिस्टरांचा आहे. ते जाऊन वीस दिवस झाले. परत काही पाठवू नका." त्या घरी मी जाऊन माफी मागितली. पण त्या सकाळी आणखी एक गोष्ट दिसली. पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरलं, `Info` उघडलं आणि दोन टिकवाले मोजले. ७१ निघाले. म्हणजे १६९ जणांपर्यंत मेसेज गेलाच नव्हता, आणि गेला त्यातल्या एका घरी तो जायला नको होता.

हे ७१ चं कोडं आधी सोडवू. साध्या ॲपमधला आणि व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमधला ब्रॉडकास्ट असा चालतो की एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण घालता येतात आणि प्रत्येकाला मेसेज स्वतंत्र चॅटमध्ये दिसतो. यादीत आणखी कोण आहे ते त्याला कळत नाही. त्याचं उत्तरही फक्त तुमच्याकडे येतं. पण अट अशी की समोरच्याने तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह केलेला असला पाहिजे. तुम्ही त्याचा सेव्ह करून भागत नाही. त्याने केला नसेल तर मेसेज त्याच्यापर्यंत जात नाही, आणि तुम्हाला तसं कुणी सांगतही नाही, फक्त एक टिक तशीच राहते.

बरेच एजंट याला ॲपची खोड समजतात आणि पळवाट शोधतात. कुणी दोनशे नंबर उचलून ग्रुप करतो. मग प्रत्येकाचा नंबर इतर सगळ्यांना दिसतो, आणि अर्ध्या तासात त्या ग्रुपवर तीन वेगळे एजंट स्वतःच्या जागा टाकायला लागतात. कुणी व्हॉट्सॲपची बनावट आवृत्ती किंवा 'बल्क सेंडर' आणतो. त्याने नंबर बंद होतो. कंपनी दर महिन्याला भारतातली लाखो खाती बंद करते आणि तसा अहवालही काढते. दहा वर्षं काचेवर छापलेला नंबर एका दुपारी गेला की काय होतं, ते आपल्याच धंद्यातल्या एखाद्याला विचारा. मी त्या अटीकडे आता वेगळ्या नजरेने बघतो. माणसाने नंबर सेव्ह केला म्हणजे त्याने तुम्हाला दारात उभं राहू दिलं. संमतीचं अर्धं काम ॲपच करून देतं. उरलेलं अर्धं आपण करायचं.

ते अर्धं म्हणजे स्पष्ट शब्दांत विचारणं आणि स्पष्ट 'हो' मिळवणं. दुकानात आलेला माणूस "जागा बघतोय" म्हणाला की त्याला त्या कामापुरता फोन करायला हरकत नाही. पण त्याचा अर्थ "दर आठवड्याला मला मेसेज पाठवत राहा" असा होत नाही. सोसायटीची यादी, लग्नातला ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, कुणीतरी विकलेली 'डेटा'ची एक्सेल फाइल, यातलं काहीही संमती नव्हे. गप्प बसणं हीसुद्धा संमती नव्हे. मी पहिल्याच भेटीत, माणूस समोर असतानाच, हा मेसेज पाठवतो:

> नमस्कार. चारकोपमधल्या नव्या जागांची माहिती मी आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा, संध्याकाळी, व्हॉट्सॲपवर पाठवतो. हवी असेल तर 'हो भाडं' किंवा 'हो खरेदी' लिहा. त्यासाठी माझा नंबर सेव्ह करावा लागेल, खाली कॉन्टॅक्ट पाठवला आहे. कधीही बंद करायचं असेल तर 'थांबा' लिहा. तुमचा नंबर मी दुसऱ्या एजंटला देत नाही.

यात चार गोष्टी आहेत: काय येणार, किती वेळा येणार, बंद कसं करायचं, आणि नंबर पुढे जाणार की नाही. शेवटचं वाक्य लिहिण्याआधी मात्र स्वतःला विचारा. आपल्या धंद्यात दोन एजंट मिळून सौदा करणं रोजचं आहे, आणि क्लायंटचा नंबर पुढे ढकलला जातो. तसं करत असाल तर वाक्य बदला, पण खोटं लिहू नका. दुसऱ्या एजंटची जागा माझ्या क्लायंटला दाखवायची झाली तर मी जागेची माहिती माझ्याकडे मागवतो. क्लायंटचा नंबर तिकडे जात नाही.

दुकानाच्या काचेवर मी क्यूआर कोडही लावला आहे. तो स्कॅन केला की माझी चॅट उघडते आणि मजकूर आधीच भरलेला असतो, माणसाला फक्त पाठवायचं बटण दाबायचं. त्यामागे एवढीच लिंक असते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=HO%20BHADE
```

नंबरआधी अधिकचं चिन्ह किंवा शून्य लावायचं नाही, ९१ आणि दहा आकडे जोडून लिहायचे. `%20` म्हणजे मधली मोकळी जागा. ही लिंक कुठल्याही क्यूआर बनवणाऱ्या साध्या साइटवर टाकली की कोड मिळतो. फायदा असा की पहिला मेसेज ग्राहकाकडून येतो, तारीखवेळेसकट. उद्या कुणी "मी कधी मागितलं होतं?" म्हणाला तर चॅट वर सरकवून दाखवता येते. पण नंबर सेव्ह करायची अट इथेही सुटत नाही. उत्तरात स्वतःचा कॉन्टॅक्ट पाठवायला विसरलात तर तो 'हो' म्हणालेला माणूससुद्धा ब्रॉडकास्टमधून कोरडा राहील.

कायदाही आता याच दिशेला आला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती ही मोकळेपणाने, ठरावीक कामासाठी आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं हवं, असं लिहिलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आठ बाय दहाच्या गाळ्यात कोण तपासायला येणार, असं वाटेल. पण 'हो' आणि 'थांबा' हे दोन शब्द पाळले तर या कायद्यातला आपल्या कामाचा मोठा भाग तसाही पाळला जातो.

आणखी एक जुनी गोष्ट आठवते. नको असलेल्या फोन आणि एसएमएससाठी ट्रायने १९०९ ची सोय केली, तेव्हा व्यापारी मेसेजचे वर्ग पाडले. बँका-विमा पहिला, आणि स्थावर मालमत्ता दुसरा. शिक्षण, आरोग्य, पर्यटन सगळे आपल्या मागे! लोकांना कोण छळतं, याची ती सरकारी पावतीच म्हणायची. व्हॉट्सॲपचे मेसेज त्या १९०९ च्या कक्षेत येत नाहीत, म्हणून तर आम्ही सगळे तिकडून इकडे सरकलो.

'हो' मिळालेल्यांची यादी एकच ठेवली तर काही दिवसांत तीही वैताग देते. रोहाउस विकत घ्यायला निघालेल्या माणसाला वन आरके भाड्याची जागा कशाला? माझ्याकडे एक साधी वही आहे, मोबाइलमध्ये नाही, कागदाची. त्यात नाव, 'हो'ची तारीख, भाडं की खरेदी, बजेटची वरची मर्यादा, कुठले सेक्टर चालतील आणि घर कधीपर्यंत हवं आहे, एवढे रकाने आहेत. त्यावरून चार ब्रॉडकास्ट याद्या केल्या: भाडं वन आरके, भाडं वन बीएचके, खरेदी फ्लॅट, खरेदी रोहाउस. बिझनेस ॲपमध्ये चॅटला लेबलं लावता येतात, त्यांना हीच नावं दिली. 'कधीपर्यंत हवं' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. भाड्याची जागा शोधणारा महिना-दीड महिन्यात कुठेतरी स्थिरावतो. ती तारीख उलटली की मी एकट्यालाच विचारतो, "जागा मिळाली का? की अजून पाठवू?" उत्तर नाही आलं तर नाव काढून टाकतो. तीन महिन्यांनी कुणाला नव्या घराच्या सोफ्यावर बसून भाड्याच्या जागा वाचायच्या असतात?

आता मेसेज. इथे चारकोपची ओळख असल्याशिवाय भागत नाही. ही वसाहत म्हाडाने १९८५ साली सुरू झालेल्या, जागतिक बँकेच्या साहाय्याच्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात आखली. म्हाडाने रस्ते, पाणी, गटारं आणि छोटे भूखंड दिले, घरं लोकांनी बांधली, तीही एकावेळी नव्हे तर पैसे जमतील तशी. म्हणून आजही सेक्टर, आरएससी रस्त्याचा नंबर, भूखंडाचा नंबर, असा पत्ता चालतो. एका चौकाभोवती घरं, तळमजल्यावर एक कुटुंब, वर वाढवलेल्या मजल्यावर दुसरं. सोसायट्यांची नावं तर इतकी सारखी की रिक्षावालासुद्धा आधी सेक्टर विचारतो. अशा ठिकाणी "चारकोप, प्राइम लोकेशन" या शब्दांना काही अर्थ नाही. "चारकोप मेट्रो टच" हे त्याहून वाईट. मेट्रो दोन-एवर चारकोप नावाचं स्टेशन नाही, इथे आहे तो डेपो. नवखा माणूस नकाशावर डेपो बघतो आणि घरापासून गाडीत बसायला मिळेल असं समजतो. खरी स्टेशनं लिंक रोडवर, डहाणूकरवाडी आणि कांदिवली पश्चिम.

मागच्या उन्हाळ्यातली एक जागा घेऊ. सेक्टर दोनमधली वन बीएचके, दुसरा मजला. मालक फोनवर म्हणाले, "लिहा ना, मस्त हवेशीर, फुल फर्निश्ड, स्टेशन जवळ." मी पहिल्यांदा जसं लिहिलं असतं ते असं: "हॉट डील!! चारकोप १ बीएचके, प्राइम लोकेशन, मेट्रो टच, हवेशीर, लगेच कॉल करा, फक्त आजच." याने वीस फोन येतात आणि वीसही जण तेच पाच प्रश्न विचारतात: भाडं किती, डिपॉझिट किती, कितवा मजला, लिफ्ट आहे का, कधी बघायची. त्यातल्या पंधरा जणांचं पहिल्याच उत्तराला "नाही जमणार" होतं. म्हणजे पंधरा लोकांचा वेळ मेसेजने खाल्ला.

म्हणून आधी जागेवर गेलो, टेप लावून खोल्या मोजल्या आणि हे पाठवलं:

> भाड्याने, १ बीएचके, चारकोप सेक्टर २
> भाडं २४,००० (मेंटेनन्स धरून), डिपॉझिट १,००,०००
> कार्पेट ३४० चौ. फूट, दुसरा मजला, लिफ्ट नाही
> पंखे, ट्यूब, एक कपाट. बेड-फ्रिज नाही
> टू-व्हीलर पार्किंग आहे, कारला जागा नाही
> १ तारखेपासून मोकळी
> ब्रोकरेज: एका महिन्याचं भाडं
> बघायला: शनिवार ११ ते १, रविवार ४ ते ६
> माहिती गुरुवार संध्याकाळची. कोड चा-२१४
> हवी असेल तर फक्त 'चा-२१४' लिहा. मेसेज नको असतील तर 'थांबा'.

खाली माझं नाव, दुकानाचं नाव आणि महारेराचा एजंट नोंदणी क्रमांक.

पहिल्या ओळीत भाडं की विक्री, किती खोल्या, कुठला सेक्टर, एवढंच ठेवतो, कारण न उघडता वरच्या पट्टीत तेवढंच दिसतं. ज्याला नको त्याने तिथेच सोडून द्यावं. दुसऱ्या ओळीत पैसे. "किंमत कॉलवर" लिहिणारे एजंट हुशारी समजून करतात, पण ग्राहकाला त्यातून "तुमचं बजेट बघून सांगतो" एवढंच ऐकू येतं. 'लिफ्ट नाही' हे लपवून काही मिळत नाही. जिन्यात धापा टाकणारे आजोबा दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर ते उघड होणारच असतं. 'फुल फर्निश्ड' हा शब्द मी काढून टाकला, त्याऐवजी वस्तूच मोजून लिहिल्या. मालक जरा नाराज झाले. त्यांना म्हटलं, साहेब, बेड नसताना फर्निश्ड लिहिलं तर माणूस येऊन परत जाईल, आणि तुमचा रविवार जाईल.

चा-२१४ हा कोड माझ्या वहीतला क्रम आहे. पन्नास लोक जेव्हा "ती जागा आहे का अजून?" असं विचारतात तेव्हा कुठली 'ती', हे शोधण्यात रात्र जाते. कोड आला की बिझनेस ॲपमधलं ठरवून ठेवलेलं उत्तर एका चिन्हाने उघडतं आणि फोटो जातात. फोटो मी ब्रॉडकास्टमध्ये पाठवत नाही. ज्याने कोड लिहिला त्यालाच पाच फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. स्वयंपाकघराचा ओटा आणि बाथरूम त्यात असलंच पाहिजे, कारण भाडेकरू बाई आधी तेच विचारतात आणि एजंट नेमकं तेच टाळतो.

मेसेजमध्ये जे नाही, तेही मुद्दामच नाही. सेक्टर दिला, आरएससीचा आणि भूखंडाचा नंबर दिला नाही. घरात अजून जुना भाडेकरू राहतो. त्याच्या दारावर अनोळखी माणसं येऊन बेल वाजवणार असतील तर तो मला कशाला किल्ली देईल? मालकाचं नाव नाही, फोन नाही. फोटोंत देव्हारा, भिंतीवरचे मुलांचे फोटो, टेबलावरचं विजेचं बिल येणार नाही असं बघून फोटो काढले. आणि सगळ्यात आधी मालकाचा 'हो' घेतला, तोही लेखी. "तुमच्या जागेची ही माहिती आणि हे फोटो मी माझ्या यादीतल्या लोकांना पाठवू का?" असं विचारून खाली तयार मजकूर दिला. संमती फक्त वाचणाऱ्याची नसते, ज्याचं घर आहे त्याचीही असते. एका बाईंनी मला विचारलं होतं, "माझ्या बेडरूमचा फोटो माझ्या दिराच्या फोनमध्ये कसा आला?" फोटो दुसऱ्या एजंटने पुढे पाठवला होता, पण तो काढला होता मी.

जात, धर्म, खाणंपिणं हे रकाने मी ब्रॉडकास्टमध्ये लिहीत नाही. मालकाच्या अटी असतात, त्यातल्या काही मला पटत नाहीत, आणि त्यावर माझं त्यांच्याशी बोलणं होतं. पण दोनशे लोकांच्या फोनवर "अमुक लोक नको" हे वाक्य माझ्या नावाने जाणार नाही, हे मी ठरवून टाकलं आहे.

विक्रीची गोष्ट थोडी वेगळी. जुन्या सोसायटीतली रीसेल असेल तर मी कागदपत्रांची एक ओळ वाढवतो: शेअर सर्टिफिकेट विकणाऱ्याच्या नावावर आहे का, म्हाडाची ट्रान्सफर झाली आहे का, बांधकाम वाढवलेलं आहे का. खूप घरं दोन-तीन हात बदलून आलेली असतात, आणि कर्ज काढणाऱ्या ग्राहकाला ही ओळ किमतीआधी बघायची असते. कागदांचे फोटो मात्र कधीही ब्रॉडकास्टमध्ये नाहीत. पुनर्विकासातला किंवा नवा प्रकल्प असेल तर महारेराचा नियम लागतो: प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड, हे जाहिरातीत दिसलंच पाहिजे. बिल्डरचं पत्रक कापून, खालचा क्यूआर उडवून फक्त सुंदर इमारतीचं चित्र पाठवणारे खूप आहेत. तसं करू नका. आणि पूर्ण पत्रक पाठवलंत तरी आधी स्वतःच्या दुसऱ्या फोनवर पाठवून तो कोड स्कॅन होतो का बघा. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं, आणि बारीक कोड पुसट होतो. तसं झालं तर पत्रक डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं.

दुसऱ्या एजंटची जागा आली की ती तशीच फॉरवर्ड करायचा मोह होतो. पण वर 'फॉरवर्डेड' असं दिसतं आणि वाचणाऱ्याला लगेच समजतं की या माणसाने जागा पाहिलेली नाही. २०१८ पासून भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येतं, ते अफवांमुळे. आपल्या धंद्यातल्या अफवांनाही ते बरंच लागू आहे. ज्या जागेत मी उभा राहिलो नाही ती माझ्या यादीवर जात नाही.

वेळेबद्दल लोक फार विचारतात, "कधी पाठवलं की जास्त वाचतात?" मला हा प्रश्न उलटा वाटतो. मी आधी बघतो की पाठवल्यानंतर दोन तास मी उत्तर द्यायला मोकळा आहे का. ब्रॉडकास्ट पाठवून बोरिवलीला रजिस्ट्रेशनला गेलात तर पंचवीस जण विचारून बसतील, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी दुसरी जागा बघितलेली असेल. म्हणून माझे वार मंगळवार आणि गुरुवार, वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ. इथली कामावर जाणारी माणसं सातच्या सुमाराला कुठे लोकलमध्ये, कुठे मेट्रोत असतात आणि फोन हातात असतो. घरी पोचून जेवताना नवरा-बायको मिळून ठरवतात. गुरुवारी पाठवलेल्या जागेची व्हिजिट शनिवार-रविवारी होते, मध्ये शुक्रवार किल्लीची व्यवस्था करायला राहतो. सकाळी आठ ते दहा मी पाठवत नाही. गर्दीत वाचलेला मेसेज ऑफिसात पोचेपर्यंत खाली ढकलला जातो. रात्री नऊनंतर तर नाहीच. ट्रायच्या २०१० च्या नियमांत व्यापारी एसएमएस आणि फोनना रात्री नऊ ते सकाळी नऊ बंदी होती. व्हॉट्सॲपला ती लागू नसली तरी माणसाची झोप तीच आहे.

वर्षाचाही एक ताल आहे. शाळा जूनमध्ये उघडतात, त्यामुळे मुलं असलेली कुटुंबं एप्रिल-मेमध्ये जागा बदलतात. तेव्हा आठवड्याला दोन मेसेजही वाचले जातात. पितृपंधरवड्यात खरेदीवाल्यांना काही पाठवत नाही. कुणी टोकन देत नाही आणि मेसेज नुसताच वाया जातो. गणपतीचे पहिले पाच दिवस सगळंच बंद. भाड्याची यादी मात्र पितृपंधरवड्यातही हलते, कारण ज्याचा करार संपतोय त्याला थांबता येत नाही. आणि खरंच निकडीची जागा आली तर? उद्या सकाळी मालक गावी जाणार, आजच दाखवायची, अशी. तेव्हा यादीला न पाठवता वहीतून ज्यांना नेमकी तीच हवी आहे असे पाच-सहा जण काढतो आणि त्यांना फोन करतो. बाकीच्यांसाठी स्टेटस आहे. ते चोवीस तासांत आपोआप जातं, आणि ज्याला बघायचं तोच बघतो.

आता चा-२१४ चं काय झालं ते सांगतो. भाडं वन बीएचके या यादीत तेव्हा ५८ नावं होती. गुरुवारी सात वाजून दहा मिनिटांनी पाठवलं. शुक्रवारी रात्री `Info` उघडलं तर ५३ जणांकडे पोचलं होतं. उरलेल्या पाचांसाठी लगेच काही ठरवलं नाही. एक टिक म्हणजे नंबर सेव्ह नाही, असंच नसतं. फोन बंद असेल, नेट संपलं असेल, किंवा ब्लॉक केलं असेल. सलग तीन मेसेजना एकच टिक राहिली तर मी त्या माणसाला एकदाच साधा फोन करतो. निळी टिक दिसली नाही म्हणून कुणाच्या मागे लागू नका. खूप लोकांनी ती सोय बंद करून ठेवलेली असते. बघायचंच असेल तर 'थांबा' किती आले ते बघा. एका मेसेजवर दोन-तीन 'थांबा' आले की मी तो मेसेज परत वाचतो. बहुतेक वेळा चूक यादीची निघते, खरेदीवाला भाड्याच्या यादीत घुसलेला असतो.

नऊ जणांनी कोड लिहिला. त्यातल्या दोघांना फोटो बघून खोली लहान वाटली, त्यांनी तसं कळवलं. शनिवारी तिघं आली, रविवारी दोन. गोरेगावात काम करणाऱ्या एका जोडप्याने रविवारी सहा वाजता टोकन दिलं. साडेसहाला मी कोड लिहिलेल्या उरलेल्या सगळ्यांना "चा-२१४ गेली" एवढं एकेकट्याला कळवलं आणि काचेवरचा कागद काढला. पूर्ण यादीला हे कळवायची गरज नसते, ज्यांनी विचारलं त्यांनाच.

त्या जोडप्याचं नावही त्याच रात्री भाड्याच्या यादीतून काढलं. सोमवारी त्यांचा मेसेज आला: "आमच्या ऑफिसातल्या एकाला पण जागा हवी आहे, त्याचा नंबर देऊ का?" मी उत्तर लिहिलं, "नंबर नको. त्यालाच माझी लिंक पाठवा, त्याला हवं असेल तर तो 'हो' लिहील."